फ्लॅश सेल चालू असताना कोणते आकडे बघायचे: सोलापूरच्या चादरीच्या दुकानाचा एक रविवार

सेल चालू असताना स्क्रीनवर आकड्यांची कमतरता नसते. वेबसाइट चाळीस तक्ते दाखवते, जाहिरातीचं पान आणखी तीस. सकाळी दहाला सगळे ते उघडून बसतात आणि दुपारपर्यंत ऑर्डरचा एकूण आकडा सोडून कुणी काही बघत नाही. आणि नेमका हा एकूण आकडाच सर्वांत उशिरा बोलतो. तो खाली येईपर्यंत नुकसान होऊन तास उलटलेला असतो. कधीकधी तर तो खाली येतच नाही, त्याचं उदाहरण पुढे आहे.

हा लेख छोट्या दुकानांसाठी आहे, जिथे सेलवर लक्ष ठेवणारी दोन-तीनच माणसं असतात. उदाहरणाला एक कल्पित दुकान घेऊ. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग, नवी पेठेत दुकान आणि स्वतःची वेबसाइट. माल म्हणजे जॅकार्ड चादर, टर्किश टॉवेल आणि नॅपकिन. सेल रविवारी सकाळी दहा ते रात्री दहा, लक्ष्य ६०० ऑर्डर. खालचे आकडे याच काल्पनिक दुकानाचे आहेत. आपल्या दुकानाचे वेगळे असतील, हिशेबाची रीत तीच राहील.

आधी तासांची अपेक्षा मांडा

"एक ते दोन या तासात ३४ ऑर्डर आल्या" या वाक्याला एकट्याने काही अर्थ नाही. त्या तासात किती यायला हव्या होत्या हे आधी लिहून ठेवलेलं असेल तरच तो आकडा कामाचा. म्हणून सेलच्या आदल्या दिवशी बारा तासांची अपेक्षा कागदावर उतरवायची.

मागचा सेल झाला असेल तर त्यातल्या प्रत्येक तासाचा वाटा टक्क्यांत काढा. नसेल तर नेहमीच्या चार रविवारांचा तासवार वाटा घ्या आणि पहिला व शेवटचा तास हाताने वाढवा, कारण सेलमध्ये लोक उघडताच तुटून पडतात आणि संपताना पुन्हा धावतात. आपल्या दुकानाचा वाटा असा धरू: दहा ते अकरा १५ टक्के, मग क्रमाने ९, ७, ६, ५, ५, ६, ६, ७, ९, ११ आणि शेवटच्या तासाला १४. बेरीज शंभर. ६०० ऑर्डरच्या हिशेबाने पहिल्या तासाला ९०, दुपारी दोन ते तीनला ३० आणि शेवटच्या तासाला ८४.

आता खरा प्रश्न येतो. ३६ ची अपेक्षा होती आणि २९ आल्या, तर घाबरायचं का? इथे एक साधा नियम उपयोगी पडतो. अपेक्षेचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, आणि तेवढं अंतर वर-खाली सोडा. ३६ चं वर्गमूळ ६, दुप्पट १२, म्हणजे २४ ते ४८ मधला कोणताही आकडा निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो. ९० ला साधारण ७१ ते १०९. अपेक्षा ९ असेल तर पट्टा ३ ते १५ इतका रुंद होतो, म्हणजे तासाला नऊ-दहा ऑर्डर असलेल्या दुकानाने तासाच्या आकड्यावर निर्णयच घेऊ नये, तीन-तीन तासांचे गट करून बघावं. खरी चढउतार या पट्ट्यापेक्षा थोडी जास्तच असते, कारण व्हॉट्सॲपचा एक मेसेज गेला की वीस जण एकदम येतात. म्हणून पट्टा जरासा ओलांडला तर आणखी एक तास थांबा. लागोपाठ दोन तास एकाच बाजूला बाहेर गेला, किंवा एकाच तासात फार दूर गेला, तर उठा.

पहिल्या दोन तासांनंतर अपेक्षा एकदा सुधारून घ्यायची. १४४ यायच्या होत्या आणि १८० आल्या असतील तर उरलेल्या प्रत्येक तासाला सव्वापट करा. हे केलं नाही तर जुन्या अपेक्षेशी तुलना करून दिवसभर सगळं छानच दिसत राहतं, आणि चार वाजता खरोखर घसरलेला तासही हिरवाच दिसतो.

चार आकडे आणि त्यांचा कागद

माझ्या मते छोट्या दुकानाला चार आकडे पुरतात. या तासाच्या ऑर्डर अपेक्षेच्या तुलनेत. ऑनलाइन पैसे भरायला गेलेल्यांपैकी किती जणांचे पैसे खरोखर जमा झाले. मुख्य मालाचा साठा कधीपर्यंत पुरेल. आणि सरासरी सवलत किती टक्के चालली आहे. सोबत एक मदतनीस आकडा: एकूण ऑर्डरीत कॅश ऑन डिलिव्हरीचा, म्हणजे सीओडीचा वाटा. तो एकटा निर्णय देत नाही, पण बाकीच्यांची साक्ष काढायला लागतो.

पानावरची वर्दळ, इन्स्टाग्रामचे लाइक, कार्टात टाकून सोडलेला माल, हे सगळं मी मुद्दाम बाहेर ठेवतो. ऑर्डर कमी पडल्या तरच त्यातलं काही उघडून बघायचं.

आकडे कुठून घ्यायचे हेही आधीच ठरवा. गूगल अॅनालिटिक्सचं रिअलटाइम पान मागच्या अर्ध्या तासातली माणसं दाखवतं, ते बघायला ठीक. पण त्याच्या नेहमीच्या अहवालात आकडे पक्के व्हायला एक-दोन दिवस लागू शकतात. जाहिरातीच्या पानावरची विक्रीही उशिरा भरत जाते आणि नंतर बदलते. त्यामुळे ऑर्डर आपल्या वेबसाइटच्या ऑर्डर यादीतून आणि पैसे पेमेंट गेटवेच्या पानावरून, एवढे दोनच झरे धरायचे.

ऑर्डर यादीतून तासवार आकडा काढताना आपल्याकडे एक खास खड्डा आहे. सर्व्हरवरची वेळ बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. तो अर्धा तास गोची करतो: सर्व्हरच्या तासांनी गट पाडले तर आपले तास साडेदहा ते साडेअकरा असे तुटतात. दहाला उघडलेल्या सेलचा पहिला गट मग अर्ध्याच तासाचा दिसतो आणि अपेक्षेशी कशाचाच मेळ बसत नाही. मायएसक्यूएल असेल तर वेळ आधी बदलून घ्या:

```sql
SELECT HOUR(CONVERT_TZ(created_at,'+00:00','+05:30')) AS taas,
       COUNT(*) AS orders,
       SUM(pay_mode='COD') AS cod
FROM orders
WHERE created_at >= :sale_start_utc
  AND status <> 'payment_pending'
GROUP BY taas ORDER BY taas;
```

सकाळी दहाचा सेल म्हणजे `sale_start_utc` मध्ये त्या तारखेचे `04:30:00` भरायचे. रकान्यांची नावं तुमच्या सॉफ्टवेअरप्रमाणे बदलतील. तयार प्लॅटफॉर्म वापरत असाल तर सेटिंगमध्ये दुकानाचा टाइमझोन कोलकात्याचा आहे ना, एवढं बघून घ्या.

आकडा दर तासाला ठोक्यावर घेऊ नका, पाच मिनिटांनी घ्या. ५९ व्या मिनिटाला यूपीआयचा पिन टाकणाऱ्याचे पैसे जमा व्हायला थोडा वेळ लागतो. कागद मात्र कागदच ठेवा, किंवा भिंतीवरचा पांढरा फळा. फळ्यावर हाताने आकडा लिहिणारा माणूस तो वाचतो. आपोआप बदलणारी स्क्रीन कुणी वाचत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्रत्येक आकड्यासमोर सेलच्या आधीच तीन गोष्टी लिहून ठेवा: कितीवर हलायचं, काय करायचं, आणि कोण करणार. सेलच्या गडबडीत "बघू अजून थोडा वेळ" म्हणणारा आणि "बंदच करा सगळं" म्हणणारा, दोघेही खोलीत असतात. शनिवारी थंड डोक्याने लिहिलेली ओळ त्या दोघांपेक्षा शहाणी ठरते.

ऑर्डर बरोबर दिसतात, पण पैसे अडकलेत

आता आपल्या दुकानाचे पहिले चार तास बघू. "गेले" म्हणजे ऑनलाइन पैसे भरायला गेलेली गिऱ्हाइकं. एकाने तीनदा प्रयत्न केला तरी तो एकच मोजायचा, नाहीतर चिडून पुन्हा पुन्हा दाबणाऱ्यांमुळे आकडा उगाच वाईट दिसतो.

| तास | अपेक्षा | ऑर्डर | गेले | जमा झाले | सीओडी |
|---|---|---|---|---|---|
| १०–११ | ९० | ९७ | ८८ | ७० | २७ |
| ११–१२ | ५४ | ५८ | ५२ | ४१ | १७ |
| १२–१ | ४२ | ४५ | ४० | ३२ | १३ |
| १–२ | ३६ | ३४ | ४१ | १७ | १७ |

फक्त तिसरा रकाना बघणाऱ्याला चौथ्या तासात काहीच दिसणार नाही. ३६ ची अपेक्षा, ३४ आल्या, जेवणाची वेळ. पण पहिल्या तीन तासांत पैसे भरायला गेलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांचे पैसे जमा होत होते, ते एक ते दोनमध्ये ४१ टक्क्यांवर आलं. सीओडीचा वाटा २८-२९ टक्क्यांवरून थेट ५० वर गेला. या दोन गोष्टी एकत्र घडल्या की अर्थ जवळजवळ नक्की असतो: ऑनलाइन पैसे जात नाहीत आणि काही लोक वैतागून सीओडीकडे वळलेत.

नुकसान किती? ४१ पैकी नेहमीप्रमाणे ८० टक्के, म्हणजे ३३ जणांचे पैसे जमा झाले असते आणि सीओडी १३ च्या आसपास राहिली असती. तास ४६ ऑर्डरचा होता, हाती ३४ लागल्या. म्हणजे तास अपेक्षेपेक्षा चांगला चालला होता आणि त्या चांगलेपणानेच बिघाड झाकला. एकूण आकडा कधीकधी खाली येतच नाही म्हटलं ते हेच.

यासाठी पेमेंटचा आकडा तासाला नाही, दर पंधरा मिनिटांनी बघायचा. हा एकच आकडा असा आहे ज्यावर दुसऱ्या तासाची वाट बघायची नाही. आपल्या नेहमीच्या प्रमाणापेक्षा १५ टक्क्यांनी खाली गेला आणि त्या वेळात निदान वीस जण पैसे भरायला गेले असतील, तर लगेच हात घाला. वीसपेक्षा कमी असतील तर आधीची पंधरा मिनिटं त्यात मिळवून बघा.

हात घालायचा म्हणजे काय, ते क्रमाने. गेटवेच्या पानावर पेमेंटचा प्रकार निवडून गाळणी लावा. आपल्या उदाहरणात यूपीआयवाले ३३ गेले आणि १० जमा झाले. कार्ड व नेटबँकिंगवाले ८ गेले, ७ जमा झाले. म्हणजे दोष यूपीआयमध्ये. मग अपयशाचं कारण वाचा. गिऱ्हाइकाने चुकीचा पिन टाकला, खात्यात पैसे नव्हते, किंवा त्याने स्वतः रद्द केलं, ही कारणं नेहमी थोडी असतातच आणि त्यावर आपण काही करू शकत नाही. "बँकेकडून उत्तर नाही", "वेळ संपली" असली तांत्रिक कारणं अचानक वाढली की पुढचा प्रश्न: एकाच बँकेची की सगळ्यांची? एकाच बँकेची असतील तर तिचा सर्व्हर बसलाय, पानावर एक ओळ टाका की दुसऱ्या बँकेचं खातं किंवा कार्ड वापरा. सगळ्यांची असतील तर गेटवे किंवा आपली जोडणी. गेटवेचं स्टेटस पान बघा, आणि त्याच वेळी स्वतःच्या फोनवरून, मोबाइल डेटावर, सगळ्यांत स्वस्त नॅपकिनची खरी ऑर्डर करून बघा. दुसरा गेटवे आधीच जोडून ठेवला असेल तर आता तो पुढे आणा. नसेल तर यूपीआय पूर्ववत होईपर्यंत कार्डाचा पर्याय वर आणा आणि त्या पानावर पाठवणाऱ्या जाहिराती थांबवा, कारण बंद दारावर माणसं आणायला आपण पैसे मोजत असतो.

सीओडीवर सवलत देऊन भरपाई करायचा मोह होतो. करू नका, का, ते सवलतीच्या हिशेबात येईल.

याच तासात फोन सुरू होतात: "दादा, पैसे कटले, पण ऑर्डर दिसत नाही." फोन घेणाऱ्याला उत्तर आधी देऊन ठेवा. गेटवेच्या पानावर त्या गिऱ्हाइकाचा व्यवहार शोधायचा. तिथे `captured` असेल तर पैसे आपल्याकडे आलेत, फक्त ऑर्डर बनली नाही. ती हाताने बनवायची आणि नंबर कळवायचा. `failed` असेल तर पैसे बँकेकडून परत जातील. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली आणि दुकानाला खात्रीचा संदेश मिळाला नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी, आणि त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. गिऱ्हाइकाला हेच सांगायचं. "पुन्हा एकदा भरून बघा" असं मात्र पहिला व्यवहार तपासल्याशिवाय कधीही म्हणू नका. दोनदा पैसे गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

साठा: सरासरीने मोजलात तर रात्री फसाल

साठ्याचा आकडा नगांत लिहू नका, "किती वाजेपर्यंत पुरेल" असा लिहा. "११२ उरल्या" यातून काय करायचं ते कळत नाही, "नऊच्या जरा आधी संपतील" यातून कळतं.

आपल्या दुकानात मुख्य डिझाइनच्या २४० चादरी होत्या. शनिवारी मोजताना पाच डागी निघाल्या म्हणून वेबसाइटवर २३५ टाकल्या. हे मोजणं रॅकपाशी उभं राहून करायचं, सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवून नाही. चार वाजता १२३ विकल्या गेल्या होत्या, ११२ उरल्या. त्यातल्या १२ राखीव ठेवू, म्हणजे विकायला १००. मागच्या तीन तासांत सरासरी १४ गेल्या. शंभराला चौदाने भागलं की सात तास. सेलला उरलेत सहा. मग चिंता कसली?

चिंता ही, की एक ते चार हे दिवसातले सगळ्यांत मंद तास आहेत. त्या तीन तासांचा वाटा ६, ५, ५, मिळून १६ टक्के, आणि त्यात ४२ चादरी गेल्या. म्हणजे अपेक्षेच्या एका टक्क्याला २.६ चादरी. चार ते दहाचा वाटा ५३ टक्के आहे, म्हणून त्यात सुमारे १३९ चादरी लागतील. आपल्याकडे शंभर आहेत. शंभर चादरी ३८ टक्क्यांना पुरतात, आणि चारनंतरचे वाटे ६, ६, ७, ९, ११ असे मिळवत गेलं की ३८ टक्के नऊला थोडं कमी असताना पुरे होतात. शेवटच्या, सगळ्यांत मोठ्या तासाला रॅक रिकामा.

चार वाजता हे कळलं तर बरंच करता येतं. दुसरा रंग पानावर वर घ्यायचा. या डिझाइनची जाहिरात थांबवून टॉवेलकडे वळवायची. एका ऑर्डरला दोनची मर्यादा घालायची, म्हणजे घाऊक घेणारा सवलतीत दहा उचलणार नाही. एमआयडीसीत फोन करून तयार माल असेल तर मागवायचा, पण गाठी सुटून, तपासून, घडी होऊन दुकानात येईपर्यंत तो वेबसाइटवर चढवायचा नाही. आठ वाजता कळलं तर फक्त "संपलं" एवढंच लिहिता येतं.

दुसरी गोष्ट जरा आपल्या गावची. रविवारी अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करून परतणारी मंडळी नवी पेठेत चादर घ्यायला हमखास येतात. सोलापूरची चादर आणि टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, आणि सोलापुरात येऊन चादर न घेता जाणं अनेकांना पटतच नाही. काउंटरवरचा मुलगा त्याच रॅकमधून चादर काढून देतो आणि वेबसाइटला ते कळत नाही. म्हणून दर दोन तासांनी पॅकिंगवाल्याला विचारायचं.

"अण्णा, रॅकवर किती?"

"सत्त्याण्णव हायत. वर लिवलंय किती?"

"एकशे बारा."

"मग पंधरा काउंटरनं नेल्या."

असा फरक सापडला की वेबसाइटचा आकडा तत्काळ खाली आणायचा आणि वरचा हिशेब नव्याने करायचा. त्याहून बरं म्हणजे सेलचा माल शनिवारीच वेगळ्या खोलीत हलवणं. तोच माल मोठ्या मार्केटप्लेसवरही लावला असेल तर दोन्हीकडचे आकडे एकमेकांना कळायला वेळ लागतो. वेगाने विकणाऱ्या मालात तेवढ्यातच जास्तीच्या ऑर्डरी घेतल्या जातात. सेलच्या दिवशी त्या डिझाइनचा तिकडचा साठा शून्य करणं सगळ्यांत सोपं.

ऑर्डर वाढल्या हाही इशारा असतो

कमी ऑर्डरीने सगळे जागे होतात; जास्त ऑर्डरीने टाळ्या पडतात. चौथा आकडा त्या टाळ्यांसाठी आहे.

एका चादरीचा हिशेब मांडू. छापील किंमत ९९९, सेलची ७४९, म्हणजे २५ टक्के सवलत. ७४९ मध्ये ५ टक्के जीएसटी धरला तर आपल्या हाती ७१३ येतात. माल ४३० चा, पेटी आणि पॅकिंग २५, कुरिअर ८५ (चादर जड, हे विसरू नका), गेटवेचे १८, जाहिरात साधारण ६०. उरतात ९५ रुपये. यावर कुणी दहा टक्क्यांचं कूपन चढवलं की किंमत ६७४, कर जाऊन ६४२, गेटवेचे दोन रुपये वाचतात, बाकी खर्च तोच. उरतात २६. सवलत दिसायला थोडीशीच वाढली, पण नफा तीन-चतुर्थांश गेला.

म्हणून दर तासाला एकच भागाकार: दिलेली एकूण सवलत भागिले छापील किमतीची बेरीज. ठरलेले २५ टक्के असतील तर २७ वर इशारा. कूपन चढलेल्या ऑर्डरीत सवलत साडेबत्तीस टक्के पडते, त्यामुळे साधारण चौथ्या भागाच्या ऑर्डरींवर कूपन चढलं की सरासरी २७ ला पोहोचते.

आपल्या दुकानात सहा ते सातमध्ये ४२ ची अपेक्षा होती, ७१ आल्या. पट्टा २९ ते ५५ चा. सवलतीचा आकडा ३१ टक्के. दोन्ही एकत्र वाचले की गोष्ट उघड होते: नव्या गिऱ्हाइकांसाठीचं `WELCOME10` कूपन सेलच्या किमतीवरही चालत होतं आणि ते कुठल्या तरी स्वस्त खरेदीच्या ग्रुपवर पडलं. ७१ पैकी साधारण ५७ ऑर्डरींवर ते चढलेलं असणार, म्हणजे त्या तासात चार हजारांच्या जवळपास नफा गळाला.

यावर उपाय सेल थांबवणं नव्हे. सेलमधल्या मालावर ते कूपन चालणार नाही अशी अट घाला, ब्राउझरच्या खासगी खिडकीतून स्वतः लावून खात्री करा, आणि आलेल्या ऑर्डरी मुकाट पाळा. ऑर्डर घेऊन पैसे जमा झाल्यावर ती रद्द करायची तर चार हजारांपेक्षा महाग पडतं. अपवाद फक्त ढळढळीत चुकीच्या किमतीचा, म्हणजे ४९९ चा टॉवेल ४९ ला लागला तर. तिथे पंधरा मिनिटंसुद्धा थांबायचं नाही: तेवढा एक माल पानावरून लपवायचा, बाकी दुकान चालू ठेवायचं, आणि आलेल्या ऑर्डरींचं काय करायचं ते मालकाने शांतपणे ठरवायचं.

सीओडीचा मदतनीस आकडा इथे पुन्हा लागतो. सीओडीच्या चादरीत गेटवेऐवजी वसुलीचे सुमारे ३५ लागले तर ७८ उरतात. पण गिऱ्हाइकाने दारात नाकारली तर जाण्याचे ८५, येण्याचे ८५, पॅकिंग २५ आणि जाहिरातीचे ६० असे २५५ खड्ड्यात. तीन पोहोचलेल्या सीओडी ऑर्डरींचा नफा एका नाकारलेल्या पेटीत जातो. म्हणून पेमेंट ठीक असताना सीओडीचा वाटा चढू लागला तर ऑर्डरी उघडून बघा. एकाच पत्त्यावर सात, अर्धवट पत्ते, एकाच नंबरवरून वेगवेगळी नावं असं दिसलं तर सीओडीला रकमेची वरची मर्यादा घाला.

खरोखरच कमी पडल्या तर

तीन आकडे ठीक आहेत आणि ऑर्डर लागोपाठ दोन तास पट्ट्याखाली आहेत, तर वरून खाली शोधत या. माणसं पानावर येतात का? येत नसतील तर जाहिरातीचं दिवसाचं बजेट संपलंय किंवा दुपारचा व्हॉट्सॲप मेसेज गेलाच नाही, बहुधा यातलंच एक असतं. माणसं येतात पण कार्टात टाकत नाहीत, तर पानावर जुनी किंमत दिसतेय का ते साध्या मोबाइलवर बघा. सर्व्हर किंवा ब्राउझर पानाची जुनी प्रत साठवून ठेवतो, त्यामुळे तुमच्या लॅपटॉपवर नवी आणि लोकांना जुनी दिसू शकते. कार्टात टाकतात पण पुढे जात नाहीत, तर कुरिअरचा दर किंवा पिनकोड अडवतोय.

सापडलं की एकच बदल करा, वेळ लिहा, अर्धा तास थांबा. किंमतही कमी केली, जाहिरातही वाढवली आणि ऑर्डर वाढल्या, तर कशाने वाढल्या हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी दोन्हीचे पैसे मोजावे लागतात. काहीच सापडलं नाही तर मान्य करा की मागणी तेवढीच आहे. चार वाजता सवलत वाढवली तर सकाळी घेतलेल्यांचे फोन येतात.

दहा वाजल्यावर

९:५८ ला कार्टात असलेल्याचं काय करायचं हे आधी ठरवा. मी दहा ते सव्वादहा सेलची किंमत चालू ठेवण्याच्या बाजूचा आहे, पण पानावरचं घड्याळ दहालाच संपू द्यावं. सव्वादहाला मालाची किंमत पूर्ववत झाली का, हे फोनवर उघडून बघा.

मग झोपण्याआधी दोन कामं. गेटवेची `captured` यादी आणि ऑर्डर यादी समोरासमोर लावा. पैसे आले पण ऑर्डर नाही अशा ओळी, विशेषतः एक ते दोनमधल्या, आजच मिटवा. उद्या सकाळी ते लोक फोनवर असतील. आणि सीओडीच्या यादीतून मोठ्या रकमेच्या आणि संशयित ऑर्डरी वेगळ्या काढून पॅकिंगवाल्याला द्या, "यांना फोन झाल्याशिवाय पेटी बांधायची नाही" असं लिहून. सोमवारी कुरिअरची गाडी येण्याआधी ते फोन व्हायला हवेत.